जरह व तादील: एका सनदीच्या आधारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैगंबर मुहम्मद यांची वचनं आणि कृती सांगणाऱ्या नोंदींना हदीस म्हणतात. हदीसची चर्चा निघाली की "हा रावी जईफ, म्हणजे दुबळा आहे", "तो सिका, म्हणजे भरवशाचा आहे" असे शब्द कानावर येतात. ते कोण ठरवतं आणि कशावरून, हे मात्र फारसं कुणी उलगडून सांगत नाही. इथे त्यासाठी एकच सनद, म्हणजे सांगणाऱ्यांच्या नावांची साखळी, घेतली आहे. सहीह बुखारी हा हदीस-संग्रह उघडला की पहिल्याच हदीसवर जी सनद दिसते, तीच. बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या सहा नावांभोवतीच फिरतात.

जरह व तादील म्हणजे काय?

हदीसचे दोन भाग असतात. प्रत्यक्ष मजकूर म्हणजे मतन, आणि तो मजकूर कुणी कुणाकडून ऐकला याची नावांची साखळी म्हणजे सनद किंवा इस्नाद. साखळीतल्या प्रत्येक माणसाला रावी म्हणतात. रावीत काय उणं आहे हे दाखवणं म्हणजे जरह, आणि तो विश्वासाला पात्र आहे असं सांगणं म्हणजे तादील. दोन्ही मिळून रावींची पारख करणारं एक शास्त्र झालं. हिजरी दुसऱ्या शतकात बसरा, कूफा, मदीना या शहरांत ते आकाराला आलं आणि तिसऱ्या शतकात यह्या बिन मईन, अहमद बिन हंबल, अली बिन मदीनी, बुखारी, अबू हातिम राझी यांच्या पिढ्यांत ते भरास आलं.

उदाहरणादाखल घेतलेली सनद कोणती?

संग्रहकर्ते बुखारी (हि. 194 ते 256) म्हणतात:

आम्हाला हुमैदी अब्दुल्लाह बिन जुबैर यांनी सांगितलं, ते म्हणाले,
आम्हाला सुफयान यांनी सांगितलं, ते म्हणाले,
आम्हाला यह्या बिन सईद अन्सारी यांनी सांगितलं, ते म्हणाले,
मला मुहम्मद बिन इब्राहीम तैमी यांनी कळवलं, की
त्यांनी अल्कमा बिन वक्कास लैसी यांना बोलताना ऐकलं, की
मी हजरत उमर बिन खत्ताब यांना मिंबरवर ऐकलं, ते म्हणाले, मी अल्लाहच्या रसूलांना म्हणताना ऐकलं...

आणि पुढे ते प्रसिद्ध वचन: कर्मांचं मोल हेतूवर ठरतं, ज्याचा जसा हेतू तसं त्याच्या पदरात पडतं.

यात "सांगितलं", "कळवलं", "ऐकलं" ही क्रियापदं नजरेखालून सोडू नका. पारख करणारा नावांइतकाच या क्रियापदांकडे बघतो. सुफयान यांच्याबाबतीत त्याचं कारण पुढे येईल.

एकाच नावाची अनेक माणसं असायची. मग हा नेमका कोण, हे कसं कळतं?

पारख सुरू होते ती इथूनच, कारण माणूसच चुकीचा ओळखला तर पुढचा सगळा निकाल दुसऱ्याच्या नावावर जातो. आपल्या सनदीत असे तीन अडथळे आहेत.

पहिला, अब्दुल्लाह बिन जुबैर. हे नाव एका नामवंत सहाबींचं, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याचंही आहे, पण ते हि. 73 मध्ये मक्केत मारले गेले. बुखारींचा जन्म 194 चा. तेव्हा इथले अब्दुल्लाह बिन जुबैर म्हणजे मक्केचे हुमैदी, मृत्यू हि. 219.

दुसरा, नुसतं "सुफयान". त्या काळात दोन थोर सुफयान होऊन गेले: कूफ्याचे सुफयान सौरी (मृत्यू हि. 161) आणि जन्माने कूफ्याचे पण मक्केत स्थायिक झालेले सुफयान बिन उयैना (हि. 107 ते 198). गंमत म्हणजे हीच हदीस यह्या बिन सईद यांच्याकडून दोघांनीही घेतली आहे, त्यामुळे वरच्या नावावरून काही निष्पन्न होत नाही. खालच्या नावावरून होतं. हुमैदी हे इब्न उयैनांच्या अगदी आतल्या वर्तुळातले शिष्य होते. सौरींकडून ते रिवायत करत नाहीत, म्हणजे ऐकलेली हदीस पुढे सांगत नाहीत. म्हणून इथे इब्न उयैनाच.

तिसरा, यह्या बिन सईद. बसऱ्याचे यह्या बिन सईद कत्तान हे स्वतः जरह व तादीलचे मोठे इमाम, पण त्यांचा जन्मच हि. 120 चा, म्हणजे तैमींचं निधन ज्या सुमारास झालं त्याच सुमाराचा. ते तैमींकडून ऐकणं शक्य नाही. सनदीत "अन्सारी" असं स्पष्ट लिहिलं आहे, पण ते नसतं तरी वर्षांवरून मदीनेचे काझी यह्या बिन सईद अन्सारी (मृत्यू हि. 143 किंवा 144) हेच निघाले असते.

दोन रावींची खरंच भेट झाली होती का, हे कसं पडताळतात?

जन्ममृत्यूची वर्षं, राहण्याची ठिकाणं, प्रवास आणि उस्ताद-शागिर्दांच्या याद्या यांवरून.

खालून वर जाऊ. बुखारी वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास हजला मक्केत गेले आणि हुमैदी वारले तेव्हा ते साधारण पंचवीस वर्षांचे होते. हुमैदी आणि इब्न उयैना दोघे मक्केचे, सहवास दीर्घ. यह्या वारले तेव्हा इब्न उयैना छत्तिशीत होते. यह्या आणि तैमी दोघे मदीनेचे. तैमींचं निधन हि. 120 च्या सुमाराचं. अल्कमा मदीनेतच अब्दुल मलिक यांच्या खिलाफतीत, म्हणजे हि. 65 ते 86 या काळात वारले. आणि हजरत उमर यांची हत्या हि. 23 मध्ये झाली तेव्हा अल्कमा हयात आणि जाणते होते. त्यांचा जन्म रसूलांच्या काळातला सांगतात.

कुठेही फट नाही. फट असती, समजा सांगणाऱ्याचा मृत्यू 120 चा आणि ऐकणाऱ्याचा जन्म 125 चा असता, तर दोघेही कितीही प्रामाणिक असोत, सनद तुटलेली ठरली असती.

रावीत नेमकं काय बघतात?

दोन गोष्टी. एक अदालत. इथे या शब्दाचा न्यायालयाशी संबंध नाही. त्याचा अर्थ माणूस धर्माने, वागणुकीने आणि बोलण्याने सचोटीचा असणं. दुसरी जब्त, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं राखून पुढे देण्याची क्षमता, मग ते स्मरणातून असो वा वहीतून.

बाहेरच्या माणसाला वाटतं की हे शास्त्र म्हणजे कोण किती नेक होता याची चौकशी. खरा भार मात्र जब्तवर आहे. पुष्कळ सज्जन, रात्र रात्र नमाज पढणारे लोक "जईफ" ठरले, कारण नावं उलटीपालटी व्हायची, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जायचं. सचोटी शेजाऱ्यांना विचारून कळते. जब्त मात्र एकाच पद्धतीने कळतं: त्या माणसाच्या रिवायती एकेक करून त्याच्या बरोबरीच्या भरवशाच्या शिष्यांच्या रिवायतींशी ताडून बघायच्या. बहुतेक जुळल्या तर तो पक्का. वारंवार एकटा पडला तर संशय.

कधी थेट परीक्षाही घेत. अहमद बिन मन्सूर रमादी सांगतात तो किस्सा असा. ते, अहमद बिन हंबल आणि यह्या बिन मईन यमनहून परतताना कूफ्यात आले. इब्न मईनांच्या मनात आलं, अबू नुऐम फज्ल बिन दुकैन यांना पारखून बघू. अहमद म्हणाले, नको, माणूस पक्का आहे. पण इब्न मईन ऐकतात कसले! त्यांनी एका कागदावर अबू नुऐम यांच्या तीस हदीस लिहिल्या आणि दर दहांनंतर एक अशी घुसवली जी त्यांची नव्हतीच. अबू नुऐम मातीच्या ओट्यावर बसले, उजवीकडे अहमद, डावीकडे इब्न मईन, रमादी खाली. पहिल्या दहा वाचून झाल्या, ते गप्प ऐकत होते. अकरावी आली तसे म्हणाले, ही माझी नाही, काट मार. पुढच्या दहा झाल्या, पुन्हा एक आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र त्यांचा चेहरा बदलला. अहमदकडे बोट दाखवून म्हणाले, हा असलं करण्याइतका बेपर्वा नाही. रमादींकडे बघून म्हणाले, याची तेवढी मजल नाही. हे तुझंच काम! आणि इब्न मईनांना लाथ मारून ओट्यावरून खाली ढकललं. अहमद म्हणाले, सांगितलं नव्हतं का मी? इब्न मईनांचं उत्तर असं, की ही लाथ मला माझ्या सगळ्या प्रवासापेक्षा प्यारी आहे.

सिका, सदूक, जईफ, मतरूक या शेऱ्यांचा क्रम काय?

ढोबळ क्रम सांगता येतो. वर "सिका सब्त", म्हणजे सचोटीचा आणि पक्का. मग नुसता "सिका". त्याखाली "सदूक", म्हणजे खरा माणूस, पण हात थोडा ढिला. मग "लय्यिन" आणि "जईफ", ज्यांची रिवायत एकटी चालत नाही पण दुसऱ्या आधाराने वर येऊ शकते. त्याखाली "मतरूक", ज्याला सोडून दिलं गेलं. तळाशी "कज्जाब", खोटारडा. इब्न अबी हातिम (हि. 240 ते 327) यांनी स्तुतीच्या चार आणि दोषाच्या चार पायऱ्या मांडल्या. इब्न हजर अस्कलानी (हि. 773 ते 852) यांनी त्यांच्या 'तकरीब'मध्ये एकूण बारा केल्या.

पण ही शिडी पाठ करून थेट वापरायला निघालात तर फसाल, कारण प्रत्येक इमामाची बोली वेगळी. इब्न मईन एखाद्याला "ला बास बिही", म्हणजे हरकत नाही, एवढंच म्हणतात तेव्हा त्यांच्या लेखी तो सिका असतो. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. उलट बुखारी "फीही नजर", म्हणजे याच्याबाबत विचार करावा लागेल, असं म्हणतात तेव्हा ते ऐकायला सौम्य वाटतं, पण त्यांच्या बोलीत हा बऱ्याचदा जबर ठपका असतो.

आपल्या सनदीतल्या रावींवर काय शेरे आहेत?

इब्न हजर यांच्या 'तकरीब'प्रमाणे हुमैदी सिका, हाफिज म्हणजे पुष्कळ हदीस मुखोद्गत असलेले, फकीह म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार आणि इब्न उयैनांच्या शिष्यांत सर्वश्रेष्ठ. इब्न उयैना सिका, हाफिज, इमाम, पण दोन पुस्त्या जोडून. त्या पुढे बघू. यह्या अन्सारी सिका सब्त. अल्कमा सिका सब्त. आणि तैमी "सिका, त्यांच्या काही एकट्याच्या रिवायती आहेत".

ही शेवटची पुस्ती कुठून आली, यात या विषयाचा गाभा आहे.

बुखारींच्या पहिल्याच हदीसच्या रावीवर जरह झाली आहे, हे खरं का?

हो. अहमद बिन हंबल यांचे पुत्र अब्दुल्लाह यांनी वडिलांचं मत नोंदवलं आहे, की तैमींच्या हदीसमध्ये काहीतरी आहे, ते "मुन्कर" हदीस सांगतात. उकैली यांनी ते मत आपल्या दुबळ्या रावींच्या ग्रंथात घेतलं. आता मुन्कर हा शब्द नंतरच्या काळातल्या व्याख्येने वाचला तर अर्थ होतो: दुबळ्या माणसाने भरवशाच्या लोकांच्या विरुद्ध सांगितलेली, टाकाऊ रिवायत. तसा अर्थ घेतला तर सगळ्यांत गाजलेल्या हदीसची एक कडी डळमळते.

दुसऱ्या पारड्यात इब्न मईन, अबू हातिम, नसाई. तिघांनीही तैमींना सिका म्हटलं आहे. त्यात अबू हातिम आणि नसाई हे हात आखडता घेणारे म्हणून ओळखले जातात, त्यांच्याकडून तादील सहज मिळत नसे.

अशा वेळी विद्यार्थ्याला पाठ असलेला नियम आठवतो: कारणासह केलेली जरह मोघम तादीलवर मात करते, कारण दोष दाखवणाऱ्याला असं काही ठाऊक आहे जे स्तुती करणाऱ्याला नव्हतं. नियम बरोबर आहे. पण तो लावण्याआधी विचारावं लागतं, की जरह खरोखर झाली आहे का? बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं होतं?

इब्न हजर यांनी इथेच बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की अहमद आणि त्यांच्यासारखे काही जण, ज्या हदीसला दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही तिलाही मुन्कर म्हणतात. तेव्हा अहमद यांच्या वाक्याचा अर्थ "तैमी चुकतात" असा नसून "तैमींच्या काही रिवायती अशा आहेत ज्या त्यांच्याखेरीज कुणी सांगत नाही" असा होतो. आणि ते खरंच आहे. ही हेतूची हदीस त्यातलीच एक. पक्क्या माणसाचं एकटं असणं हा दोष नाही. म्हणून निकाल सिका, आणि अहमद यांच्या निरीक्षणाचा मान राखून एक छोटी पुस्ती.

माझ्या मते या शास्त्रात खरी कसोटी लागते ती अशा ठिकाणी. "अहमदनी मुन्कर म्हटलं" एवढं वाक्य उचलून कुणालाही पाडता येतं. त्या माणसाच्या तोंडी तो शब्द कुठे कुठे आला आहे, हे तपासायला मात्र वर्षं जातात.

सुफयान बिन उयैना तदलीस करत असत म्हणतात. मग त्यांची रिवायत कशी चालते?

तदलीस म्हणजे उस्तादाकडून थेट न ऐकलेली गोष्ट, मधलं नाव गाळून, थेट ऐकल्यासारखी भासेल अशा शब्दांत सांगणं. यात उघड खोटं नसतं. "अमुक यांच्याकडून" असा मोघम शब्द वापरला जातो, "मी ऐकलं" असं म्हटलं जात नाही. म्हणून मुदल्लिस, म्हणजे तदलीस करणाऱ्या, रावीच्या बाबतीत क्रियापद निर्णायक ठरतं. आपल्या सनदीत सुफयान "आम्हाला यह्या बिन सईद यांनी सांगितलं" असं स्वच्छ म्हणतात. शंका तिथेच मिटते. शिवाय इमामांचं निरीक्षण असं, की सुफयान जेव्हा मधला माणूस गाळत तेव्हा तो सिकाच असे.

दुसरी पुस्ती उतारवयातल्या स्मरणाची. यह्या कत्तान यांच्या नावावर असं वाक्य आहे, की हि. 197 मध्ये सुफयान यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही, याची मी साक्ष देतो. जहबी (हि. 673 ते 748) यांनी या वाक्याची झडतीच घेतली. कत्तान बसऱ्यात, सुफयान मक्केत. कत्तान वारले 198 च्या सफर महिन्यात, म्हणजे हाजी घरी परतून हिजाजच्या, म्हणजे मक्का-मदीनेकडच्या, बातम्या सांगू लागतात त्या सुमारास. सुफयान वारले त्याच वर्षीच्या रजबमध्ये. मग मरणाच्या दारात असलेल्या कत्ताननी ही बातमी ऐकली कधी आणि साक्ष दिली कधी? जहबींना हे वाक्य ज्याने पोचवलं त्याचीच गफलत वाटते. फार तर 197 मध्येच कुणीतरी कळवलं असेल, एवढी वाट ते मोकळी ठेवतात.

म्हणजे इथे रावीवरच्या जरहचीसुद्धा सनद तपासली गेली! आणि जरह मान्य केली तरी आपल्या हदीसला धक्का नाही, कारण हुमैदी हे शेवटच्या वर्षी येऊन बसलेले श्रोते नव्हते.

हजरत उमर यांची पारख का करत नाहीत?

सुन्नी मुहद्दिसांची, म्हणजे हदीसच्या विद्वानांची, भूमिका अशी, की सहाबी सगळेच आदिल, म्हणजे सचोटीचे. त्यांच्या सचोटीची चौकशी होत नाही. विस्मरण त्यांनाही होऊ शकतं आणि त्याची चर्चा होते, पण खोटेपणाचा आरोप होत नाही. शिया परंपरेत रावींच्या पारखीचं स्वतंत्र शास्त्र आहे, नज्जाशी आणि तूसी यांचे ग्रंथ त्याचा पाया, आणि तिथे हे गृहीत धरलं जात नाही. या पानावरची सगळी चर्चा सुन्नी पद्धतीची आहे.

मिंबर या मशिदीतल्या व्यासपीठावरून सांगितलेलं वचन एकट्या अल्कमांनीच कसं पुढे दिलं?

हा प्रश्न जुनाच आहे. विश्वसनीय मार्गाने ही हदीस रसूलांकडून फक्त उमर, उमर यांच्याकडून फक्त अल्कमा, त्यांच्याकडून फक्त तैमी आणि त्यांच्याकडून फक्त यह्या सांगतात. यह्यांपासून मात्र तिला एकदम फांद्या फुटतात: मालिक, दोन्ही सुफयान, हम्माद बिन जैद, अब्दुल वह्हाब सकफी, इब्न मुबारक आणि आणखी कितीतरी. बुखारींनी ती आपल्या ग्रंथात सात ठिकाणी घेतली आहे आणि सातही वेळा वरच्या चार कड्या त्याच आहेत.

मुहद्दिसांचं उत्तर: हदीस सहीह, म्हणजे अस्सल, ठरण्यासाठी रावींची संख्या ही अट नाही, प्रत्येक कडी पक्की असणं ही अट आहे. ऐकणारे अनेक असले तरी शिकवायला बसणारे आणि ज्यांचं शिकवणं टिकलं असे थोडेच असतात. आधुनिक इतिहासकारांतला एक प्रवाह याकडे वेगळ्या नजरेने बघतो. जोसेफ शाख्ट यांनी 1950 मध्ये मांडलं, की जिथून फांद्या फुटतात त्या समान दुव्यापाशी रिवायत प्रचारात आली असावी, आणि पुढे युइनबोल यांनी ती पद्धत वाढवली. त्यांना विरोध करणारे संशोधकही आहेत. प्रश्न दोघांचे वेगळे आहेत: मुहद्दिस विचारतो या माणसावर विसंबावं का, इतिहासकार विचारतो हा मजकूर इथे प्रथम कधी दिसतो.

सिका रावी चुकला तर ते पकडतात कसं?

याच हदीसची एक दुसरी सनद फिरत होती: अब्दुल मजीद बिन अब्दुल अजीज बिन अबी रव्वाद, मालिककडून, मालिक जैद बिन अस्लमकडून, ते अता बिन यसारकडून, ते अबू सईद खुद्री यांच्याकडून, ते रसूलांकडून. वरवर बघता दृष्ट लागावी अशी सनद. मालिक, जैद, अता, एकाहून एक पक्के. अब्दुल मजीद यांनाही इब्न मईनांनी सिका म्हटलं आहे. भेटी शक्य, काळ जुळतो. ही खरी असती तर वरच्या प्रश्नाला उत्तरच मिळालं असतं, कारण उमर यांच्याखेरीज दुसरा सहाबी सापडला असता.

अबू हातिम यांनी ती साफ फेटाळली. कारण? मालिकचे इतर शिष्य काय सांगतात ते बघा. कअनबी, यह्या बिन कजआ, इब्न कासिम हे सगळे म्हणतात: मालिक, यह्या बिन सईदकडून, ते तैमींकडून, ते अल्कमांकडून, ते उमर यांच्याकडून. एका उस्तादाचे अनेक शिष्य एक सांगतात आणि एक शिष्य दुसरंच. त्या वेगळ्या सनदीला मालिकच्या वर्गातला दुसरा कुणीही साक्षीदार नाही.

चूक झाली कशी असेल, तेही कळण्यासारखं आहे. मालिक, जैद बिन अस्लम, अता, अबू सईद ही मळलेली वाट. या मार्गाने मालिकच्या कितीतरी रिवायती येतात. तैमी आणि अल्कमांची वाट अनवट. जीभ सवयीच्या वाटेने घसरते. मुहद्दिस म्हणूनच अशा ठिकाणी अनवट सनद सांगणाऱ्यावर जास्त विसंबतात, कारण अनवट गोष्ट लक्षात ठेवूनच सांगावी लागते.

अब्दुल मजीद यामुळे खोटारडे ठरले नाहीत. इब्न हिब्बान यांनी त्यांना मतरूक म्हटलं, तर तो अतिरेक झाला असं इब्न हजर सांगतात. त्यांचा स्वतःचा शेरा: "सदूक, चुकतात". त्यांच्या चुका ज्या ठिकाणी पकडल्या गेल्या त्यांतलं हे एक.

समकालीनांच्या भांडणात केलेली जरह धरतात का?

सहसा नाही. मालिक यांनी सीरतकार, म्हणजे पैगंबरांचे चरित्रकार, इब्न इसहाक यांना दज्जाल, म्हणजे महाठग, म्हटलं होतं. दोघे एका शहरातले, एका काळातले, आणि मनात अढी. इतर इमामांनी तो शब्द तसाच उचलला नाही. इब्न इसहाक यांच्या रिवायती तोलल्या आणि बहुतेकांनी त्यांना मधल्या पायरीवर, पण तदलीसची खूण करून ठेवलं.

मेलेल्या माणसांचे दोष उगाळणं ही गीबत, म्हणजे पाठीमागची निंदा, नाही का?

त्या काळीही लोक असंच म्हणत. मुहद्दिसांचं म्हणणं, कुरआनच्या 49व्या सूरेतली सहावी आयत बातमी आणणाऱ्याची शहानिशा करायला सांगते, आणि गरजेपुरतंच बोलायचं. रिवायतीशी संबंध नसलेला दोष काढायला मनाई आहे. अली बिन मदीनी यांना त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं तेव्हा आधी म्हणाले, दुसऱ्या कुणाला विचारा. लोकांनी पुन्हा विचारलं. ते खाली मान घालून बसले, मग म्हणाले, हा दीनचा मामला आहे, माझे वडील जईफ आहेत.

स्त्रियांचीही पारख होते का?

होते, त्याच निकषांवर. जहबींनी दुबळ्या रावींवरच्या 'मीजान'मध्ये स्त्रियांचा भाग वेगळा केला आणि तिथे लिहून ठेवलं, की खोटेपणाचा आरोप झालेली किंवा सोडून दिलेली एकही स्त्री मला माहीत नाही. काहींची माहिती मात्र अपुरी आहे.

हे शेरे आज कुठे वाचायला मिळतात?

इब्न अबी हातिम यांचा 'अल जरह वत तादील' हा पायाभूत ग्रंथ. मिज्जी यांचा 'तहजीबुल कमाल' प्रत्येक रावीचे उस्ताद आणि शागिर्द यादीने देतो, त्यामुळे ओळख पटवायला तोच आधी उघडतात. इब्न हजर यांनी त्याचा संक्षेप केला आणि त्याचाही संक्षेप म्हणजे 'तकरीब', जिथे एका रावीला दोन-तीन ओळी मिळतात. मराठी वाचकाला एक गोष्ट जवळची वाटेल: इब्न अबी हातिम यांचा ग्रंथ, बुखारींचा रावींवरचा 'तारीखे कबीर' आणि इब्न हजर यांचा 'तहजीब' हे छापून जगापुढे आणण्याचं मोठं काम हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने केलं. ती 1888 साली सुरू झाली तेव्हा मराठवाडा त्याच संस्थानात होता.

नवशिक्याने 'तकरीब'पासून सुरुवात करावी, पण निकाल तिथे थांबवू नये. दोन शब्दांच्या शेऱ्यामागे चार इमामांचा वाद दडलेला असतो, तैमींसारखा.

"याचे सगळे रावी सिका आहेत" असं लिहिलेलं असेल तर हदीस सहीह धरायची का?

नाही, आणि ही चूक फार होते. हैसमी यांच्या 'मजमउज जवाइद'सारख्या ग्रंथांत "रिजालुहू सिकात" असे शब्द पानोपानी येतात, आणि लोक त्याखाली सरळ "सहीह" लिहून पुढे पाठवतात. त्या शब्दांतून एवढंच कळतं, की साखळीतली माणसं वैयक्तिकरीत्या भरवशाची आहेत. त्यांची भेट झाली का, मधलं नाव गळलं का, इतर शिष्यांशी जुळतं का, याबद्दल त्यात काहीच नाही. "इस्नादुहू सहीह" म्हटलं तर पुढची पायरी, सनद सलग आहे असं म्हणणाऱ्याचं मत. "हदीस सहीह" हे त्याही पुढचं, कारण त्यात छुपा दोष शोधून झालेला असतो. अब्दुल मजीद यांच्या सनदीखाली पहिलं वाक्य लिहायला कुणाचीच फारशी हरकत नसती. तिसरं अबू हातिम यांनी लिहू दिलं नाही.